कॅपवर मोमेंट असताना कोपऱ्याच्या पाइलवर नक्की किती लोड? आणि त्यात ०.७६ लावायचा का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सांगलीवाडीच्या बाजूला एका गोडाऊनच्या शेडचं काम सुरू आहे. आत क्रेन चालणार आहे. नदीकाठची गाळाची काळी जमीन आहे आणि मुरूम बराच खाली, २२ मीटरच्या आसपास लागतो. त्यामुळे बोअर करून ५०० मिमी व्यासाच्या पाइल घेतोय. एका कॉलमखाली सहा पाइल आहेत: दोन ओळी, प्रत्येकीत तीन. मधलं अंतर दोन्हीकडं दीड मीटर, म्हणजे व्यासाच्या तिप्पट.

कॉलमचा लोड १५३ टन. कॅप आणि तिच्यावरची माती धरून आणखी साधारण २७, म्हणजे एकूण १८० टन. पेडेस्टलच्या माथ्यावर कॅपच्या लांब दिशेत ३० टन-मीटर मोमेंट आहे. वारा आणि क्रेन दोन्हींमुळे तो दोन्ही बाजूंनी येऊ शकतो. आडवा जोर ५ टन. माती परीक्षणाच्या अहवालात एका पाइलची सुरक्षित क्षमता ३८ टन दिली आहे.

माझ्या हिशेबानं सरासरी ३० टन आणि मोमेंटचे ५, असे कोपऱ्यावर ३५ टन येतात, म्हणजे ३८ च्या आत बसतंय. पण तपासणीला आलेल्या कन्सल्टंटांनी कॉन्व्हर्स-लाबार सूत्रानं ग्रुप एफिशियन्सी, म्हणजे ग्रुपमध्ये असताना एका पाइलची किती ताकद धरायची तो गुणांक, ०.७६ काढली आणि ३८ ला गुणून २८.९ टनच धरा म्हणाले. तसं केलं तर मोमेंट नसतानाही ग्रुप फेल होतो. नऊ पाइल घ्या असं त्यांचं म्हणणं. बरोबर कोण?

ठेकेदार_मिरज
साहेब, तीन डी अंतर ठेवलंय ना, मग एफिशियन्सी एकच धरायची. ह्यात चर्चा करण्यासारखं काय नाही. आम्ही मिरज, कुपवाड, जयसिंगपूर सगळीकडं पाइल मारल्या आहेत, कुणी ०.७६ लावत नाही. उलट वाळूत तर एफिशियन्सी एकापेक्षा जास्त येते, माती दाबून घट्ट होते म्हणून. सहाच ठेवा. नऊ केल्या तर कॅप केवढी होतीय बघा, आणि स्टील किती वाढतंय.

अंगण
मला यातलं फारसं कळत नाही, पण आमचं मिरजेतलं घर पाइलवरच बांधलंय. खाली बल्ब असलेल्या छोट्या पाइल आहेत. तरी दर उन्हाळ्यात भिंतींना तिरक्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात थोड्या मिटतात. तुम्ही म्हणता तो मोमेंट आमच्या घरालाही येत असेल का? पाइल कमी पडल्या असतील का?

आकडेमोड
अंगण, तुमचा प्रश्न वेगळा आहे, शेवटी लिहिते.

कृष्णाकाठ, एफिशियन्सीचं नंतर बघू. आधी तुमचे ३५ टन तपासू, कारण त्यात एक गोष्ट राहिली आहे. मोमेंट पेडेस्टलच्या माथ्यावर दिलाय, पण पाइलची डोकी कॅपच्या तळाशी आहेत. मधली उंची किती? कॅप ९०० आणि पेडेस्टल ५०० धरलं तर १.४ मीटर. तो ५ टनांचा आडवा जोर या उंचीवर ७ टन-मीटर वाढवतो. म्हणजे पाइलच्या डोक्याशी मोमेंट ३० नाही, ३७ आहे.

```
P = V/n ± M·x / Σx²
```

P एका पाइलवरचा लोड, V एकूण लोड, n पाइलची संख्या, M मोमेंट आणि x म्हणजे पाइलचं मध्यापासूनचं अंतर. लांब दिशेत टोकाच्या चार पाइल मध्यापासून दीड मीटरवर, मधल्या दोन शून्यावर. म्हणून Σx² म्हणजे चार गुणिले २.२५, बरोबर ९. आता ३७ गुणिले १.५ भागिले ९, म्हणजे ६.२ टन. एका बाजूच्या दोन्ही पाइलवर ३६.२ आणि दुसऱ्या बाजूच्या दोन्हींवर २३.८. मधल्या दोघींवर ३०. सगळे मिळून १८० होतात का हे दर वेळी बघायचं. चिन्हाची चूक तिथंच सापडते.

३८ च्या आत आहे, पण तुम्हाला तीन टनांची जागा आहे असं वाटत होतं ती दोनाच्याही खाली आली.

अंगण, तुमच्या भेगा उन्हाळ्यात उघडून पावसात मिटतात, म्हणजे काळ्या मातीचं फुगणं-आकसणं चालू आहे. पाइल खाली स्थिर असतील, पण प्लिंथ बीम थेट मातीवर ओतली असेल तर माती फुगताना तिला खालून ढकलते. बीमखाली पोकळी ठेवली होती का, हे घर बांधणाऱ्याला विचारा. पाइल कमी पडल्या म्हणून भेगा असत्या तर ऋतूप्रमाणे उघडल्या-मिटल्या नसत्या, वाढतच गेल्या असत्या.

भूगर्भ_काका
आकडेमोड ताईंनी पहिला भाग नीट मांडला आहे. दुसऱ्या भागाबद्दल मला तळमळीनं लिहावंसं वाटतं, कारण हा ०.७६ मी कितीतरी ड्रॉइंगवर बघितला आहे आणि त्यापायी विनाकारण पाइल वाढलेल्याही बघितल्या आहेत.

कॉन्व्हर्स-लाबार सूत्रात काय काय आहे बघा. व्यास, अंतर, ओळी आणि ओळीतली संख्या. बस. माती कोणती, पाइल किती लांब, तळाला काय लागलंय, यातलं काहीच नाही. तुमच्या ग्रुपला व्यास भागिले अंतर म्हणजे एक तृतीयांश, त्याचा कोन १८.४ अंश, आणि दोन बाय तीनची मांडणी. यावरून ०.७६ येतं. हेच सहा पाइल साताऱ्याला खडकात टेकवले तरी ०.७६, आणि इथल्या चिखलात पाच मीटर लांबीचे घातले तरी ०.७६. मातीचा गुणधर्म जो आकडा बघतच नाही, तो मातीची ताकद कशी सांगणार?

चिकण मातीत ग्रुप दोन तऱ्हांनी हार खाऊ शकतो. एक तर प्रत्येक पाइल आपापली सुटून खाली जाते, नाहीतर पाइल आणि त्यांच्यामधली माती मिळून एक आख्खा ठोकळा खाली सरकतो. दोन्ही काढायचे आणि कमी येईल तो धरायचा.

तुमच्या अहवालातले ३८ कसे आले असतील ते अंदाजानं मांडतो. वरच्या दीड-दोन मीटरात काळी माती उन्हाळ्यात पाइलपासून सुटते, म्हणून तिथलं घर्षण धरायचं नाही. उपयोगी लांबी १४ मीटर, मातीचं सरासरी कोहिजन, म्हणजे तिची चिकटून राहण्याची ताकद, चौरस मीटरला ६ टन, आणि त्यातला पाइलला मिळणारा वाटा, म्हणजे अल्फा, ०.६. पाइलचा परीघ १.५७ मीटर. घर्षणाचे ७९ टन झाले. तळाशी कोहिजन १० धरलं तर त्याच्या नऊपट गुणिले तळाचं क्षेत्रफळ, म्हणजे जवळजवळ १८. एकूण ९७, सुरक्षिततेसाठी भागिले २.५, म्हणजे ३८ आणि वर थोडं. सहा पाइलची शेवटची ताकद ५८२ टन.

आता ठोकळा. तो बाहेरून बाहेर मापायचा: ३.५ मीटर बाय २ मीटर, परीघ ११ मीटर. ठोकळ्याच्या कडेला माती मातीवरच घासते, म्हणून तिथं अल्फा लागत नाही, पूर्ण ६ टन धरायचे. ११ गुणिले १४ गुणिले ६ म्हणजे ९२४. तळाचे ७ चौरस मीटर गुणिले ९० म्हणजे ६३०. एकूण दीड हजार टनांच्या वर. ५८२ च्या अडीचपटीहून जास्त.

म्हणजे ठोकळा सरकण्याआधी पाइल कितीतरी लवकर सुटतील. तुमच्या ग्रुपची एफिशियन्सी एकच धरायची. २८.९ ला आधार नाही.

अहवालातले खरे आकडे घालून हाच हिशेब करा आणि कन्सल्टंटांपुढं ठेवा.

ठेकेदार_मिरज
बघा, मी तेच म्हणत होतो. एकच.

भूगर्भ_काका
उत्तर तेच आलं, पण कारण तुमचं नव्हतं. तीन डी ठेवलं की एकच, असा नियम नाही. वाळूचं म्हणालात तेही ठोकून घातलेल्या पाइलचं खरं आहे. सैल वाळूत ठोकताना आजूबाजूची वाळू घट्ट होते. आपण इथं बोअर करतो. बोअर करताना माती बाहेर काढतो, दाबत नाही. उलट बेंटोनाइट नीट नसेल तर कडा सैल होतात. बोअर पाइलला वाळूत एकाच्या वरचा आकडा कुणी धरू नये.

आणि ठोकळा कधी महत्त्वाचा ठरतो त्याचं उदाहरण देतो. समजा पाच बाय पाच, ४०० मिमीच्या २५ पाइल, अंतर फक्त दोन डी म्हणजे ८०० मिमी, लांबी १० मीटर आणि माती मऊ, कोहिजन ३ टन, अल्फा एक. एकेकटीची ताकद ४१ टन, पंचवीसांची १०२७. ठोकळा ३.६ मीटर चौरस: कडेचे ४३२ आणि तळाचे ३५०, एकूण ७८२. भागिले १०२७, म्हणजे ०.७६. इथंही योगायोगानं तोच आकडा आला, पण तो मातीतून आलाय. मऊ माती, जवळजवळच्या पाइल आणि मोठा ग्रुप, तिन्ही एकत्र आले की ठोकळा आडवा येतो.

सह्यकडा
साताऱ्याहून. आमच्याकडं सात-आठ मीटरवर बेसाल्ट लागतो, कधी त्याच्याही वर. पाइल खडकात सॉकेट करून टेकवतो, त्यामुळे एफिशियन्सीचा प्रश्नच येत नाही. सगळा लोड तळाशी जातो. आमची डोकेदुखी वेगळी असते: एका पाइलला खडक ६ मीटरवर आणि त्याच कॅपखालच्या दुसरीला ९ मीटरवर. मग लांबी वेगळी, ताठपणा वेगळा, आणि तुमच्या त्या सूत्रात सगळ्या पाइल सारख्या धरलेल्या असतात. आखूड पाइल जास्त लोड खेचते. हे कोण धरतं?

आकडेमोड
बरोबर बोललात. त्या सूत्राच्या पोटात दोन गृहीतकं आहेत: कॅप इतकी जाड की ती वाकत नाही, आणि सगळ्या पाइल सारख्या दबतात. लांबी वेगळी असेल तर प्रत्येकीला तिच्या ताठपणाचं वजन देऊन मध्य काढावा लागतो. कृष्णाकाठांच्या इथं लांबी सारखी आहे, तेव्हा साधं सूत्र चालेल.

भूगर्भ_काका
सारखी लांबी असली तरी दुसरं गृहीतक पूर्ण खरं नसतं. जाड कॅपखाली चिकण मातीत मधली पाइल चारही बाजूंच्या शेजारणींच्या दबावानं आधीच खाली ओढली जाते, म्हणून ती कमी लोड घेते आणि कोपऱ्याची जास्त. मोमेंट शून्य असला तरी. सहाच्या ग्रुपमध्ये हा फरक लहान असतो. पंचवीसांच्या ग्रुपमध्ये मोठा. म्हणून कोपऱ्याची पाइल ३८ ला अगदी चिकटवून ठेवू नये असं मला वाटतं. किती मोकळं ठेवायचं यावर एकमत नाही.

आणि ग्रुपचा खरा परिणाम ताकदीवर नाही, सेटलमेंटवर बघा. एका पाइलची टेस्ट तिच्या जवळच्या मातीपुरती सांगते. सहा पाइलचा एकत्रित दाब टोकाच्या खाली बराच खोल जातो. तुमच्याकडं टोकाखाली मुरूम लागेपर्यंत अजून सहा मीटरच्या वर चिकण माती आहे. क्रेनच्या रुळांना शेजारशेजारच्या दोन कॅपच्या दबण्यातला फरक सोसत नाही. नऊ पाइलचा आग्रह धरणाऱ्यांनी हे कारण दिलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं.

कृष्णाकाठ
काका, ताई, खूप आभार. ठोकळ्याचा हिशेब अहवालातल्या आकड्यांनी केला, तुमच्या अंदाजाच्या जवळच आला. कन्सल्टंटांनी सहा मान्य केल्या, सेटलमेंट स्वतंत्र काढून द्या म्हणाले.

पण आता नवीन अडचण. दुसऱ्या कॅपची एक कोपऱ्याची पाइल जागेवर घेताच आली नाही. तिथं बुजवलेली जुनी विहीर निघाली, दगडी बांधकामाची. रिग वारंवार सरकायला लागली म्हणून ती पाइल लांब दिशेत ३०० मिमी आत, मध्याकडं घेतली. बाकी पाच जागेवर आहेत. मध्याकडंच गेली आहे, तेव्हा फार फरक पडू नये असं साइटवर सगळे म्हणतात.

ठेकेदार_मिरज
सहात एक पाइल एक फूट आत गेली तर काय व्हायचंय. फार तर सातवी एक घाला बाहेरून, सांगून टाका कॅप वाढवायला.

आकडेमोड
मध्याकडं गेली हेच वाईट आहे. बघा कसं.

टोकाच्या दोन पाइलपैकी एक १.५ वरून १.२ वर आली. सहा पाइलचा मध्य आता ५० मिमी दुसऱ्या बाजूला सरकला, पण कॉलम जागच्या जागी आहे. म्हणजे १८० टन लोड ५० मिमी बाजूला लागतोय, त्याचे ९ टन-मीटर. एका दिशेच्या मोमेंटला हे मिळतात आणि ४६ होतात. उलट दिशेला २८ च राहतात, ती बाजू सुटली.

नव्या मध्यापासून अंतरं मोजली तर जागेवर राहिलेली कोपऱ्याची पाइल १.५५ वर, सरकलेली १.२५ वर, मधल्या ०.०५ वर आणि पलीकडच्या १.४५ वर. Σx² नऊवरून ८.१७५ वर उतरला. मोमेंट वाढला आणि त्याला तोलणारी बेरीज कमी झाली, दोन्ही एकदम. कोपऱ्यावर ३० अधिक ४६ गुणिले १.५५ भागिले ८.१७५, म्हणजे ३८.७ टन. ३८ च्या बाहेर. आणि लोड वाढला तो सरकलेल्या पाइलवर नाही, तिच्या शेजारच्या बरोबर जागेवर असलेल्या पाइलवर. सरकलेलीवर ३७ च आहेत.

भूगर्भ_काका
अचूक. थोडी भर: एकाच ओळीतली पाइल सरकली म्हणून ग्रुप आता तिरका झाला आहे, त्यामुळे आडव्या दिशेतही थोडा तोल जातो. तो धरला तर कोपऱ्यावर ३८.५ येतात आणि सरकलेलीवर ३७.३. इथं फरक नगण्य आहे, पण पाइल दोन्ही दिशांत सरकल्या असतील तर हा भाग सोडू नका.

आता नियमाचं. पाइलच्या आयएस २९११ या भारतीय मानकाप्रमाणे ५०० मिमीच्या पाइलला जागेतली सूट ७५ मिमी आहे. ३०० मिमी म्हणजे चौपट. त्यामुळे कॅप आणि तिला शेजारच्या कॅपशी जोडणारी टाय बीम नव्यानं तपासून ही इक्सेंट्रिसिटी घेता येते का बघायचं, नाही घेता आली तर जादा पाइल. दुसरीकडं, काम झाल्यावर पाइल थोडी कमी पडताना दिसली तर क्षमतेच्या १० टक्क्यांपर्यंत जादा लोड चालतो असंही तेच पुस्तक सांगतं. ३८.५ हे ३८ च्या दीड टक्काही वर नाही. मला ते स्वीकारार्ह वाटतं.

आकडेमोड
काका, इथं मी सहमत नाही. ती १० टक्के सूट पाइलची क्षमता किंचित कमी पडली तर आहे. आपल्याकडं पाइलची जागा चुकली आहे. शिवाय तुम्हीच म्हणालात की जाड कॅपखाली कोपऱ्याची पाइल सूत्रापेक्षा जास्त घेते. ती वाढ या ३८.५ च्या वर येणार. सूट आधीच खर्च केली तर त्या वाढीला काय उरलं?

भूगर्भ_काका
मुद्दा रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच की या कॅपसाठी लगेच सातवी पाइल घालू नका. ती घातल्यावर काय होतं तेही काढून बघा.

आकडेमोड
काढलं. ठेकेदार भाऊ, तुम्हीही बघा. दोन कोपऱ्यांच्या मधोमध जागा नाही, अंतर दीडच डी राहतं. म्हणून सातवी बाहेर, कॉलमपासून २.६५ मीटरवर घ्यावी लागेल. मग सातांचा मध्य त्या बाजूला ३३६ मिमी सरकतो. १८० टन आता उलट बाजूला जातात आणि ६० टन-मीटर मोमेंट तयार करतात. उलट दिशेचे ३७ मिळून ९७. पलीकडच्या, आत्तापर्यंत निवांत असलेल्या दोन पाइलवर ३८.१ टन आले. वाढलेल्या कॅपचं वजन मी धरलेलंच नाही. एक पाइल वाढली, कॅप वाढली, आणि ३८ च्या बाहेरच राहिलो. फक्त बाजू बदलली.

ठेकेदार_मिरज
हे मला माहीत नव्हतं. आम्ही पाइल हुकली की शेजारी एक घालून मोकळे होतो. मग दोन घालायच्या का, दोन्ही बाजूंना?

आकडेमोड
चालेल, पण मग आठ पाइल आणि पाच मीटरच्या वर कॅप. त्याआधी टाय बीम बघावी.

सह्यकडा
आणि विहिरीचं काय? बुजवलेल्या भरावात ती पाइल गेली असेल तर वरच्या पाच-सात मीटरात तिला घर्षणच मिळणार नाही. मग तिची क्षमता ३८ कशी? विहीर किती खोल आहे ते बघितलंय का? शिवाय ती एकटी मऊ पडली तर ताठपणाचा मध्य आणखी पलीकडं जाईल, तेही त्याच कोपऱ्यावर.

कृष्णाकाठ
३०० मिमी सरकवल्यावर बोअरमध्ये दगड लागले नाहीत, काळी चिकण मातीच आली. विहिरीचा काठ पाइलच्या बाहेर आहे, पण किती बाहेर ते सांगता येत नाही. विहीर उपसून बघायची सोय नाही, पाणी भरलेलं आहे.

टाय बीम पुढच्या कॅपपर्यंत ६ मीटर आहे, ३०० बाय ७५०. लांब दिशेतच जाते. ती ९ टन-मीटर घेईल असं धरलं तर ३७ च राहतात आणि कोपऱ्यावर ३७ टन येतात. असं लिहून देऊ का?

भूगर्भ_काका
बीम ९ घेईल असं आपण ठरवून चालत नाही. बीम आणि पाइलचा ग्रुप, दोघंही एकाच वळणाला विरोध करतात, आणि मोमेंट त्यांच्या ताठपणाच्या प्रमाणात वाटला जातो.

आकडेमोड
पाइल ३८ टनांना ५ मिमी दबते असं धरलं, तर ग्रुपचा वळणाला ताठपणा साधारण ६२ हजार टन-मीटर प्रति रेडियन. पलीकडचं टोक बिजागरीसारखं धरून बीमचा १३ हजार. म्हणजे बीम ४६ पैकी ८ घेते, कोपऱ्यावर ३७.२ येतात. पण बीमला तडे गेल्यावर तिचा ताठपणा निम्मा धरला तर ती ४.४ च घेते आणि कोपरा ३७.९ वर जातो. ३८ ला चिकटलेला. ५ मिमीचा आकडा माझा धरलेला आहे, सगळं त्यावर हलतं. पाइल ८ मिमी दबली तर बीमचा वाटा वाढेल.

भूगर्भ_काका
म्हणून त्याच कॅपच्या त्याच कोपऱ्याच्या पाइलवर रुटीन टेस्ट घ्या, दीडपट लोडला, ५७ टनांपर्यंत. त्यातून ३८ टनांना किती दबते ते कळेल. ग्रुपमध्ये दबणं त्याहून जास्त असतं, म्हणजे बीमच्या बाजूनंच. आणि सरकलेल्या पाइलवर निदान इंटिग्रिटी टेस्ट करा. घर्षण मात्र त्यात कळणार नाही, विहिरीची शंका राहीलच.

आकडेमोड
टेस्टच्या आधी एक काम. सहाही पाइलची डोकी कट-ऑफपर्यंत फोडून झाल्यावर मध्य पुन्हा मोजा. वर बेंटोनाइटनं सैल झालेलं काँक्रीट पसरलेलं असतं, त्यावरून मापलं तर ४०-५० मिमी इकडंतिकडं होतं. बाकीच्या पाच जागेवर आहेत असं तुम्ही म्हणता, पण प्रत्येकीला ७५ मिमीची सूट आहे. दोन पाइल त्याच बाजूला ६० मिमी आत असतील तर मध्य आणखी २० मिमी सरकेल, म्हणजे आणखी साडेतीन टन-मीटर. मापं आली की इथं टाका, मी पुन्हा काढून देते.

कृष्णाकाठ
चार पाइल फोडून झाल्या आहेत, विहिरीकडच्या दोन राहिल्या. माप टोटल स्टेशननं घेतो. टेस्टला क्लायंट तयार आहे, पण केंटलेज, म्हणजे टेस्टसाठीचं वजन, रचायला विहिरीच्या बाजूला जमीन भरवशाची नाही. रिअॅक्शन शेजारच्या पाइलमधून घेता येईल का? त्या ओढीला तपासलेल्या नाहीत.

भूगर्भ_काका
त्याच ग्रुपच्या कामाच्या पाइल ओढायला लावू नका. ५७ टन चार पाइलवर वाटले तरी एकीवर १४ टनांच्या वर ओढ येते, ५०० मिमीच्या पाइलचं स्वतःचं वजन जेमतेम साडेसात टन. उरलेलं सगळं घर्षणातून, आणि त्यातली एक विहिरीकाठची. केंटलेजचे आधार विहिरीपासून लांब, आडव्या गर्डरवर घेता येतात का ते आधी बघा. जागेचं एक कच्चं स्केच टाका, विहिरीचा काठ दाखवून.

ठेकेदार_मिरज
लांब गर्डर लागले तर आमच्या यार्डात आहेत, नऊ मीटरचे. स्केच आल्यावर सांगतो बसतात का.